बडीशेप, ओवा आणि पाळीतील वेदना : गुण किती, मर्यादा कोठे?

(इंदापूर येथे महिलांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग. व्याख्यात्या व्यवसायाने डॉक्टर आहेत.)



आज जो विषय माझ्याकडे सोपविण्यात आला आहे, तो घराघरांतला असूनही चारचौघांत क्वचितच उच्चारला जातो. मासिक पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ओटीपोटात कळा येतात, कंबर धरते, पोट फुगल्यासारखे वाटते. अशा वेळी आई किंवा आजी स्वयंपाकघरातल्या डब्यातून चमचाभर बडीशेप किंवा ओवा काढते, पाणी करते आणि म्हणते, "हे घे, बरे वाटेल." पुष्कळ वेळा खरोखरच बरे वाटते. काही वेळा मात्र वाटत नाही. तरीही वर्षानुवर्षे तेच पाणी दिले जाते आणि मुलगी मुकाट्याने सोसत राहते. पाणी तेच असताना हा फरक का पडतो, एवढ्या एकाच प्रश्नाचा आज ऊहापोह करू. त्याचे उत्तर पाण्यापेक्षा वेदनेच्या स्वरूपात अधिक आहे. म्हणून आरंभ वेदनेपासूनच करू.

कळ का येते?

दर महिन्याला गर्भाशयाच्या आत एक अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण उतरते आणि ते अस्तर सुटू लागते. सुटताना त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बाहेर पडतात. गर्भाशय हा स्नायूंचाच बनलेला अवयव आहे. या द्रव्यांमुळे तो स्नायू आवळतो, त्याच्या रक्तवाहिन्या काही क्षण आकुंचन पावतात, स्नायूला रक्त कमी पडते आणि कळ येते. ज्यांच्या अस्तरात ही द्रव्ये अधिक असतात, त्यांना कळाही अधिक येतात. त्यांतला काही अंश आतड्यांवरही परिणाम करतो. म्हणूनच अनेक मुलींना पाळीच्या पहिल्या दिवशी जुलाब होतात, मळमळते, क्वचित उलटीही होते.

या वेदनेला एक ठराविक वेळापत्रक असते. पाळी सुरू होण्याच्या काही तास आधी किंवा सुरू होताच ती येते, पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असते, दुसऱ्या दिवशी ओसरते आणि बहुधा तिसऱ्या दिवसापर्यंत संपते. पाळी प्रथम आल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत ही तक्रार सुरू होते आणि गर्भाशयात कोणताही दोष नसताना होते. वैद्यकशास्त्रात हिला प्राथमिक कष्टार्तव म्हणतात. आपल्या पूर्वसूरींनीही या वेदनेची नोंद केलेली आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उदावर्तिनी या नावाने जी व्याधी वर्णिली आहे, तिचे लक्षण असे की रज कष्टाने बाहेर पडते आणि ते सुटताच त्या स्त्रीला आराम वाटतो. वायूची गती उलटी झाल्याने असे घडते, अशी त्यांची मांडणी होती. परिभाषा निराळी असली तरी निरीक्षण किती अचूक आहे, हे आपल्या लक्षात येईल.

वेदनेचा दुसरा प्रकार मात्र वेगळा आहे. त्यात गर्भाशयात किंवा त्याच्या आसपास प्रत्यक्ष काही आजार असतो : गर्भाशयातील गाठी, जंतुसंसर्ग, किंवा एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीरचना गर्भाशयाबाहेर वाढणे. या वेदनेचे वेळापत्रक निराळे असते. ती पाळीच्या कित्येक दिवस आधी सुरू होते, पाळी संपल्यावरही रेंगाळते आणि बहुधा वर्षागणिक वाढत जाते. बडीशेपेचे किंवा ओव्याचे पाणी उपयोगी पडण्याची शक्यता आहे ती पहिल्या प्रकारात. दुसऱ्या प्रकारात ते फार तर तासभराचा दिलासा देईल आणि त्या दिलाशामुळे मूळ आजार झाकला जाईल.

पोट फुगणे हेही दोन तऱ्हांचे

पोटफुगीचेही तसेच आहे. पाळीच्या आधीच्या आठवडा-दहा दिवसांत प्रोजेस्टेरॉन वाढलेले असते. त्यामुळे आतड्यांची हालचाल मंदावते, मलावरोध होतो, वायू साठतो. पोटात गुरगुर होते आणि वात सरला किंवा शौचास झाले की हलके वाटते. ही झाली वायूची फुगी. दुसरी फुगी शरीरात पाणी साठल्याची. तीत पोटाबरोबर स्तन जड होतात, बोटातली अंगठी घट्ट वाटते, पायावर मोज्याचा वळ उठतो, वजन किलो-दीड किलोने वाढते. पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत हे आपोआप उतरते.

ओवा आणि बडीशेप यांचा उपयोग आहे तो वायूच्या फुगीवर. साठलेले पाणी त्यांनी उतरत नाही. उलट आपल्याकडे ओव्याच्या पाण्यात सैंधव किंवा काळे मीठ सढळ हाताने टाकण्याची पद्धत आहे. पाणी साठलेल्या शरीराला अधिक मीठ देणे म्हणजे फुगीला खतपाणी घालणेच होय. म्हणून या दिवसांत हे पाणी बिनमिठाचे घ्यावे, आणि लोणचे, पापड, फरसाणही आवरते ठेवावे.

दाण्यात असते काय?

बडीशेप आणि ओवा ही दोन्ही एकाच कुळातील झाडांची फळे. जिरे, धने आणि शेपा हीही त्यांचीच भावंडे. येथे नावाचा एक घोटाळा आधी दूर करते. किराणा दुकानात बाळंतशेप या नावाने जी मिळते, ती शेपूच्या भाजीचे बी आहे. ती बडीशेप नव्हे. आयुर्वेदातही बडीशेपेला मिश्रेया आणि शेपेला शतपुष्पा अशी वेगळी नावे आहेत. आज आपण बोलत आहोत ते जेवणानंतर चघळतो त्या बडीशेपेविषयी. मात्र साखरेचा रंगीत लेप दिलेली गोळीवजा बडीशेप या कामाची नाही. भडक हिरव्या रंगाचीही घेऊ नये. ओल्या कापसावर चोळल्यावर रंग उतरला, तर ती सरळ टाकून द्यावी.

या दाण्यांचा गुण त्यांतल्या उडून जाणाऱ्या तेलात आहे. बडीशेपेच्या तेलात मुख्यतः अॅनेथोल असते. तिचा गोडसर वास त्याचाच. ओव्याच्या तेलात थायमॉल असते; ओव्याचा झणझणीतपणा त्याचा. अमृतधारेत कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर जे ओव्याचे फूल घालतात, ते म्हणजे हेच स्फटिकरूप थायमॉल. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या स्नायूंवर या द्रव्यांचे प्रयोग झालेले आहेत. ओव्याच्या अर्काने आतड्याचा आवळलेला स्नायू सैल पडतो आणि बडीशेपेच्या तेलाने उंदरांच्या गर्भाशयाची प्रोस्टाग्लँडिनमुळे होणारी आकुंचने कमी होतात, असे त्यांत दिसले. म्हणजे आजीच्या अनुभवाला काही शास्त्रीय आधार निश्चित आहे. पण भांड्यात ठेवलेला स्नायू आणि हिंडती-फिरती मुलगी यांत मोठे अंतर असते, हेही विसरून चालणार नाही.

पाणी करावे कसे?

गुण उडत्या तेलात आहे, हे एकदा ध्यानात आले की कृती आपोआप कळते. अख्खा दाणा पाण्यात टाकला तर तेल दाण्यातच राहते. म्हणून तो ऐन वेळी खलबत्त्यात भरड कुटावा. आधी कुटून ठेवलेल्या पुडीतला वास दिवसेंदिवस उडत जातो. तसेच उघड्या पातेल्यात पाणी उकळवत निम्मे करण्याची जी सवय आहे, तीही सोडावी. घरभर दरवळणारा तो वास म्हणजे पेल्यातून निघून गेलेला गुणच असतो.

बडीशेपेचे पाणी असे करावे. चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम, बडीशेप भरड कुटावी. पेल्यात घालून त्यावर उकळी आलेले पाणी पाऊण ते एक पेला, साधारण दोनशे ते अडीचशे मिलिलिटर, ओतावे आणि लगेच झाकण ठेवावे. दहा ते पंधरा मिनिटांनी गाळून कोमट असताना घोट-घोट प्यावे. झाकणाच्या आतल्या बाजूस जमलेले थेंब पेल्यातच झटकावेत. दिवसातून दोन, फार तर तीन वेळा पुरे. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीनेही प्रौढांसाठी जवळपास हेच प्रमाण दिले आहे. पाळीतील सौम्य कळा आणि पोटफुगी या दोन्हींसाठी बडीशेपेच्या चहाला तिने मान्यता दिली आहे. मात्र ती मान्यता दीर्घकालीन परंपरेच्या आधारावर आहे, चाचण्यांतून सिद्ध झालेला उपाय म्हणून नव्हे, हे समितीने स्पष्ट नोंदविले आहे.

ओवा तिखट आणि उष्ण आहे. भावप्रकाशातही तो तीक्ष्ण, उष्ण आणि पित्त वाढविणारा सांगितला आहे. म्हणून त्याचे प्रमाण निम्मे ठेवावे. अर्धा चहाचा चमचा ओवा हातावर किंवा खलात रगडून एक पेला गरम पाण्यात पाच ते दहा मिनिटे झाकून ठेवावा आणि जेवणानंतर घ्यावा, दिवसातून एकदा किंवा दोनदा. रिकाम्या पोटी घेतल्यास छातीत जळजळ होते. ज्यांना आम्लपित्ताचा किंवा अल्सरचा त्रास आहे, त्यांनी ओव्याच्या वाटेला जाऊच नये. त्यांना बडीशेप बरी. पोटात मुख्यतः वायू असेल तर ओवा आणि कळा असतील तर बडीशेप, अशी साधी विभागणी करता येईल. दोन्ही एकत्र करून दिवसभर पीत राहण्याने काही विशेष साधत नाही.

बाटलीतला ओव्याचा अर्क, ओव्याचे फूल किंवा बडीशेपेचे तेल मात्र घरगुती पाण्याच्या जागी कधीही घेऊ नये. पेलाभर पाण्यात तेलाचा अंश अत्यल्प उतरतो. बाटलीत तो कित्येक पटींनी दाट असतो.

चाचण्या काय सांगतात?

बडीशेपेवर माणसांमध्ये झालेल्या चाचण्या बहुतांशी इराणमधल्या आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ ते २४ वर्षे वयाच्या ३० मुलींना बडीशेपेच्या अर्काचे थेंब आणि मेफेनॅमिक आम्ल हे नेहमीचे वेदनाशामक, अशी दोन्ही औषधे वेगवेगळ्या पाळ्यांत देऊन तुलना करण्यात आली. दोहोंनी वेदना कमी झाल्या. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी वेदनाशामक अधिक प्रभावी ठरले. पाच मुलींनी तर अर्काच्या वासामुळेच अभ्यास सोडला आणि एकीने स्राव किंचित वाढल्याचे सांगितले. नंतरच्या काही अभ्यासांत दोन्ही औषधांचा परिणाम जवळपास सारखा आढळला.

हे उत्साहवर्धक आहे, यात शंका नाही. तथापि त्याचा अर्थ जपून लावला पाहिजे. हे अभ्यास लहान होते. त्यांत दिलेले थेंब किंवा गोळ्या मोजून तयार केलेल्या होत्या. आपला पेला तसा नसतो. शिवाय बडीशेपेचा वास लपत नाही, त्यामुळे आपण काय घेत आहोत हे घेणारीला कळते आणि बरे वाटण्याची अपेक्षाही परिणाम करते. पाळीतील वेदनांवरील पूरक पदार्थांचा आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली घेतला, तेव्हा कोणत्याही एका पदार्थाच्या बाजूने उच्च दर्जाचा पुरावा नाही, असाच निष्कर्ष निघाला. ओव्याचा आधार याहून तोकडा आहे. तो आहे मुख्यतः परंपरेचा आणि प्राण्यांवरील प्रयोगांचा, आणि तोही पाळीच्या कळांपेक्षा पोटातील वायूसंबंधी अधिक आहे.

आणखी एक गोष्ट. या पाण्यातली ऊबही काम करीत असते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ओटीपोटावर सुमारे ३९ अंश सेल्सिअसची सलग ऊब ठेवली असता ती आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाच्या तोडीची ठरली. म्हणून कोमट पेल्याबरोबर फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर ठेवावी. त्यात खर्च नाही, आणि ओव्यापेक्षा या उपायाचा पुरावा अधिक भक्कम आहे.

वहीतील तीन महिने

आता मूळ मुद्द्याकडे येते. वेदना कोणत्या प्रकारची आहे, हे घरी कसे ओळखावे? त्यासाठी एक साधी वही पुरते. तारीख, पाळीचा कितवा दिवस, शून्य ते दहा या मापात वेदना किती, पॅड किती बदलले, पोट फुगले का, आणि काय घेतले व दोन तासांनी वेदना किती उरली, एवढेच लिहायचे. अशा तीन पाळ्या लिहून ठेवल्या की बहुतेक उलगडा होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. निमगाव केतकीच्या एका घरात सतरा वर्षांची मुलगी आहे आणि एकतीस वर्षांची तिची काकू आहे. दोघींचीही तक्रार एकच, "पाळीत पोट फार दुखते." दोघींना एकाच पातेलीतले पाणी मिळते.

मुलीची वही सांगते : पाळीच्या सकाळी वेदना सात, दुपारी बडीशेपेचे पाणी आणि शेक घेतल्यावर चार, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी शून्य. तिन्ही महिन्यांत हेच चित्र. मधल्या दिवसांत काहीही दुखत नाही, दिवसाला चार पॅड लागतात, शाळा एखाद्या वेळीच बुडते. हे प्राथमिक कष्टार्तव. तिने पाणी आणि शेक खुशाल चालू ठेवावा. एखाद्या महिन्यात चारवर उतरलेली वेदनाही सोसवत नसेल, परीक्षा तोंडावर असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळी घेण्यात कमीपणा मानू नये. ही गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यालाच अटकाव करते. म्हणून ती कळा असह्य होईपर्यंत थांबून घेण्यापेक्षा आरंभीच, आणि जेवून घ्यावी. गोळी घेतल्याने पुढे मूल होत नाही, ही समजूत निराधार आहे. तिचे खरे धोके वेगळे आहेत : अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा वेदनाशामकाने दमा उसळत असेल तर ती घेऊ नये. मेफेनॅमिक आम्लाने क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतील अवयवांना सूज अशी गंभीर प्रतिक्रिया उमटते; भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ साली त्याविषयी सावधही केले आहे. गोळीनंतर पुरळ किंवा ताप आला तर ती तत्काळ बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

काकूची वही निराळे सांगते. वेदना पाळीच्या चार दिवस आधी सुरू होते आणि पाळी संपल्यावरही दोन दिवस राहते. पहिल्या महिन्यात आकडा पाच, दुसऱ्या महिन्यात सहा, तिसऱ्या महिन्यात सात. त्या दिवसांत शौचाच्या वेळी कळ येते, पतिसहवासही दुखरा झाला आहे. पहिल्या मुलानंतर दुसरे राहिलेले नाही. ओव्याच्या पाण्याने पोट तासभर हलके होते आणि पुन्हा तेच. या वहीतली प्रत्येक ओळ एंडोमेट्रिओसिससारख्या आजाराकडे बोट दाखविते. येथे पाण्याचे प्रमाण वाढविणे हा उपाय नाही. तिने वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. तपासणी आणि सोनोग्राफी आवश्यक आहे. आणि सोनोग्राफीत काही दिसले नाही तरी हा आजार नाही असे ठरत नाही, हेही लक्षात असू द्यावे. बारामतीला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ पासून सुरू आहे. त्यामुळे अशा तपासणीसाठी पुणे गाठलेच पाहिजे असे राहिलेले नाही.

उदाहरणात मुलगी लहान आणि काकू मोठी असली, तरी वयावरून निदान करू नये. एंडोमेट्रिओसिस कुमारवयातही होतो. पाणी, शेक आणि योग्य रीतीने घेतलेली गोळी यांनी तीन पाळ्यांत फरक पडला नाही, तर सतराव्या वर्षीही तपासणी करावीच.

थांबावे कोठे?

आता सावधगिरीचे मुद्दे. पहिला, पाळी लांबली असता ती यावी म्हणून ओव्याचा दाट काढा पिण्याची चाल आहे. विवाहित स्त्रीने पाळी चुकली असता आधी गर्भधारणेची चाचणी करावी. गरोदरपणात स्वयंपाकातला ओवा-बडीशेप चालते. पण औषधी प्रमाणातले पाणी किंवा काढा घेऊ नये. पाळी लांबलेली असताना एका बाजूला तीव्र कळ, थोडा रक्तस्राव आणि भोवळ अशी लक्षणे आली, तर गर्भ नळीत राहिल्याची शंका घेऊन त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. तेथे पेला करीत बसण्यात जीव गमावण्याची वेळ येऊ शकते.

दुसरा मुद्दा कालावधीचा. हे पाणी पाळीच्या आगेमागे चार-पाच दिवस घेण्याचे आहे, वर्षभर रोज पिण्याचे नव्हे. बडीशेपेत एस्ट्रॅगोल नावाचे द्रव्य अल्प प्रमाणात असते. मोठ्या मात्रेत प्राण्यांच्या यकृताला त्याने अपाय होतो. जेवणानंतरच्या चिमटीने घाबरण्याचे कारण नाही, पण दररोज पेल्यावर पेले कशासाठी? बडीशेपेचा परिणाम सौम्य प्रमाणात स्त्रीसंप्रेरकासारखाही असतो. तुर्कस्तानात लहान मुलींना कित्येक महिने रोज दोन-तीन वेळा बडीशेपेचा चहा पाजल्यावर अकाली स्तनवाढ दिसल्याची नोंद आहे. म्हणून लहान मुलींना हे नित्य देऊ नये, आणि स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेतलेल्या भगिनींनी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर त्यांनाही हाच नियम लागू.

तिसरा मुद्दा रक्तस्रावाचा. तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, स्राव आठवड्यापलीकडे चालणे, यांवर ओवा-बडीशेपेचा काहीही इलाज नाही. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, म्हणजे या सभागृहातील निम्म्याहून अधिक जणींचा हा प्रश्न असू शकतो. अशा स्त्रीने हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आणि चाळिशी-पन्नाशीनंतर पाळीशी संबंध नसलेली पोटफुगी जर नव्याने सुरू होऊन आठवडेच्या आठवडे टिकली, थोडे खाल्ले तरी पोट भरू लागले, तर तिला वायू समजू नये. अंडाशयाच्या कर्करोगाचा आरंभ कित्येकदा अशाच क्षुल्लक वाटणाऱ्या फुगीने होतो.

दुसरे टोक

येथवर आपण पाहिले ते पाण्यावर अतिविश्वास ठेवण्याचे टोक. त्याच्या विरुद्ध टोकही आपल्या परिसराला अपरिचित नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास भवानीनगर, बिजवडी, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांत बीड जिल्ह्यातून आलेली कुटुंबे असतात. पहाटेपासून तोड, डोक्यावर मोळी, फडात ना आडोसा ना पाणी, आणि खाडा झाला की मजुरी बुडते. अशा स्त्रीला पाळीतली कळ परवडतच नाही. बीडमधील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याचे २०१९ साली उघड झाले. तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींना पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, एवढ्याच तक्रारींवर हा मार्ग दाखविला गेला होता.

गर्भाशय काढणे ही काही आजारांत आवश्यक शस्त्रक्रिया आहे. पण पाळीतल्या कळेवर ती पहिली पायरी असूच शकत नाही. त्याआधी तपासणी आहे, गोळ्या आहेत, संप्रेरकांचे उपचार आहेत. कमी वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्या स्त्रीला तिची वेदना पहिल्या प्रकारची आहे की दुसऱ्या, हे कुणी समजावूनच सांगितले नाही, तिच्यापुढे दोनच वाटा उरतात : मुकाट्याने सोसणे, किंवा अवयवच काढून टाकणे. आपल्या शेताच्या बांधावर जी टोळी उतरली असेल, तिच्यातल्या भगिनींना पिण्याचे पाणी आणि आडोसा मिळतो का, हे आपण पाहू शकतो. वेदनाशामक गोळ्या उन्हात, उपाशीपोटी आणि पाणी न पिता घेतल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, एवढे तरी त्यांना सांगू शकतो. आणि कुणी शस्त्रक्रिया सुचविली असेल, तर शासकीय रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावाचून होकार देऊ नये, हेही त्यांच्या कानावर घालू शकतो.

आज घरी गेल्यावर ओव्याचा डबा फेकून देऊ नका. चमचाभर बडीशेप कुटा, झाकून ठेवा, पोटाला शेक द्या. त्याबरोबरच मुलीच्या हाती एक वही द्या आणि तीन महिन्यांनी तिच्याजवळ बसून ती वाचा. वेदना पहिल्या दोन दिवसांची असेल, तर पेला तिला साथ देईल. त्या चौकटीबाहेर गेली असेल, तर तीच वही घेऊन दवाखान्याची पायरी चढा.